कोठीबाईंचा अर्धा किलो

माझ्या नणंदेला थोडं काही आणता येत नसे. कांदे आण म्हटलं की पोतं यायचं, काड्यापेटी आण म्हटलं की पुडा. एकदा मी शर्टाचं बटण तुटलं म्हणून त्यांना चार बटणं आणायला सांगितली, तर आजही आमच्या घरात कुणाचंही बटण तुटलं तरी दुकानात जावं लागत नाही. फक्त सगळ्यांची बटणं करड्या रंगाची असतात.

यात वन्संचा काही दोष नव्हता. सारी नोकरी त्यांनी मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात केली होती. भाज्या चिरण्यापासून सुरुवात केली आणि निवृत्त झाल्या तेव्हा कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. वसतिगृहातल्या मुली त्यांना 'कोठीबाई' म्हणत, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. वन्संना ते नाव आवडायचं. पिठाच्या कणगीवर तळहाताने थाप मारली की आवाजावरून त्या आत किती उरलंय ते सांगत. दूध नासायच्या आधी त्यांच्या नाकाला कळे. मात्र चार माणसांचा स्वयंपाक कसा करतात, हे त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. स्वतःचं लग्न केलं नाही, आणि वसतिगृहात पानाला बसणाऱ्या पोरी दोनशेच्या वर.

निवृत्त झाल्यावर त्या आधी धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि थोड्याच महिन्यांत आमच्या दारात उभ्या राहिल्या. सोबत पत्र्याची एक ट्रंक.

"तिथे मला पाहुणी करून टाकलं," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "पाणीसुद्धा हातात आणून देतात. माणूस काय असं जगतं का रे?"

"इथे कुणी पाणी देणार नाही तुला, ताई," नवरा म्हणाला. "निर्धास्त राहा."

"एक काम द्या मला. पूर्ण माझं. त्यात कुणी लुडबुड करायची नाही. नाहीतर ही ट्रंक उघडणार नाही मी."

आणि खरंच उघडली नाही. ट्रंक त्यांच्या पलंगाखाली सरकवली गेली, कुलूप तसंच राहिलं. रोजचे चार कपडे त्या पिशवीतून काढत आणि पिशवीत ठेवत. मी कपाटातला खण रिकामा करून दिला. त्यावर म्हणाल्या, "असू दे गं, बघू." हे 'बघू' मला पलंगाखालच्या ट्रंकेपेक्षा जड वाटायचं.

काम कुठलं द्यायचं यावर आमची घरात खलबतं झाली. स्वयंपाक दिला तर रोज दोनशे पानांचं सूप झालं असतं. कपडे मशीन धुतं. शेवटी आमच्या लेकीने तोडगा काढला.

"कॉफी द्या आत्याला. आणायची तिनेच, दळायची तिनेच, करायची तिनेच."

आमच्या घरात सगळं जमतं, कॉफी आणणं जमत नाही. सकाळी डबा उघडावा तर तळाशी सात दाणे, आणि मग "काल तू शेवटचा कप प्यायलास", "नाही, तू" असं तोंड न धुताच भांडण. त्यामुळे सूचना एकमताने मंजूर झाली. वन्संनी मान डोलावली आणि फक्त एवढंच विचारलं, "घरात माणसं किती पितात?"

"तिघं," मी म्हणाले. "तुम्ही नाही ना पीत?"

"मी गरम पाणी पिते. कॉफी नुसती केली आयुष्यभर, चाखली कधीच नाही. कढई ढवळणाऱ्याने कढईत तोंड घालायचं नसतं."

दुसऱ्याच दिवशी पाच किलोचं पोतं आलं. पलीकडच्या गल्लीत एक बाई स्वतः कॉफी भाजून विकते, तिच्याकडचं. पोत्याने घेतलं की स्वस्त पडतं हे तर होतंच, पण वन्संचा मूळ नियमच तिमाहीचा होता. कोरडं सामान तीन महिन्यांचं एकदम भरायचं, वर पाहुण्यांसाठी थोडं जादा. डाळी तशा, साखर तशी, तशीच कॉफी. त्यांनी पत्र्याचा झाकणवाला मोठा डबा शोधून काढला, दाणे त्यात ओतले, वरून थाप मारली आणि आवाज ऐकून समाधानाने हसल्या. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या.

पहिले काही आठवडे आम्ही अक्षरशः राण्यांसारखे जगलो, नवरासुद्धा. वन्सं सकाळी वाटीने दाणे मापून दळत. दट्ट्या असलेल्या काचेच्या जगमध्ये ती पूड टाकून गरम पाणी ओतलं की ती फुगून वर येई, वर तपकिरी फेसाचा घुमट होई. मग जरा थांबून त्या वरचा दट्ट्या हळूच खाली दाबत. वास जिन्यापर्यंत जायचा. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य उतरताना आमच्या दाराशी उगीच बुटाची नाडी बांधत रेंगाळत.

पुढे एक दिवस पूड फुगली नाही. पाणी ओतलं, ती भिजली आणि तशीच खाली बसली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखी. दंतवैद्य सरळ खाली उतरून गेले.

"आज कॉफीला काय झालंय?" नवरा मला कुजबुजला.

"काही नाही झालं. तेच झालंय."

"जुन्या खोक्यासारखी लागतेय."

"खोकं कधी खाल्लंस तू?"

पण त्याचं खरं होतं. दिवसेंदिवस ती कॉफी जास्तच खोक्यासारखी होत गेली. नुसती कडू, बाकी काही नाही. आणि डबा तर अर्ध्यापेक्षा जास्त भरलेला. रोज सकाळी वन्सं जग घेऊन यायच्या, आम्हा तिघांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "जमलीय का?"

"फक्कड!" नवरा म्हणायचा.

"आत्या, एक नंबर," लेक म्हणायची आणि कप घेऊन गॅलरीत जायची. गॅलरीतल्या रबराच्या झाडाची पानं त्या दिवसांत पिवळी पडायला लागली.

सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. नवऱ्याने ताईला उभ्या जन्मात उलट उत्तर दिलेलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर भावजयीने नणंदेच्या कामाला नाव ठेवलं असं झालं असतं. लेक म्हणाली, "मी सांगते," आणि स्वयंपाकघरात गेली. दोन मिनिटांनी अजून एक कप घेऊन परत आली.

"सांगितलंस?"

"ती डबा पुसत होती गं. गुणगुणत होती. मी काय बोलू?"

तेव्हा नवऱ्याला कल्पना सुचली. त्याला कल्पना सुचली की मी शक्यतो माहेरी जाते, पण त्या वेळी बेसावध होते. तो म्हणाला, "हा साठा संपला की नवीन येईल. नवीन म्हणजे ताजी. मग आपण हा लवकर संपवून टाकू. कुणाचं मन दुखायला नको, काही नको."

झालं. आम्ही संपवायला लागलो. जिथे सकाळी एक जग व्हायचा तिथे दोन व्हायला लागले. दुपारी मी एकटी एक कप घ्यायचे, तो जगच झाला. संध्याकाळी नवरा ऑफिसमधून आल्या आल्या म्हणायचा, "ताई, कॉफी!" लेक थर्मास भरून कॉलेजात न्यायची आणि मैत्रिणींना वाटायची. काही दिवसांनी मैत्रिणी तिला टाळायला लागल्या. उरलेलं मोरीत, झाडाला, आणि फारच झालं तर पोटात. नवऱ्याचे हात थरथरायला लागले. दाढी करताना हनुवटी कापली, तर म्हणाला, "ब्लेड खराब आहे." लेक इतकी भराभर बोलायला लागली की फोनवर समोरचा माणूस "काय? काय?" करत राही. मला कधी नव्हे ते सगळी भांडी घासून लख्ख करावीशी वाटायला लागली.

वन्सं मात्र फुलून आल्या होत्या. दिवसातून चार वेळा दळण, चार वेळा जग. डब्यावर थाप मारायच्या, आवाज दिवसेंदिवस पोकळ यायचा, आणि त्या मला म्हणायच्या, "बघ, कशी उठतेय कॉफी! माणसांना हातची चव लागली की खप वाढतोच. वसतिगृहात नवी आचारीण आली तेव्हा बटाट्यांचं असंच झालं होतं."

डबा तळाला आला. आमच्या तिघांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद. रविवारी जेवताना वन्सं पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "मी हिशेब केलाय. पहिल्या महिन्यात खप दीड किलो. आता गेला महिनाभर बघते, त्याच्या दुप्पट चाललाय आणि वर थोडा. म्हणजे तिमाहीला दहा किलो लागणार. काल दुकानात सांगून आले. मंगळवारी भाजून देते म्हणालीय."

नवऱ्याच्या घशात पावाचा तुकडा अडकला. लेकीने त्याची पाठ थोपटली, जरा जास्तच जोरात.

"दहा?" मी विचारलं.

"दहा," वन्सं म्हणाल्या. "काळजी करू नकोस, दुसरा डबापण बघून ठेवलाय."

जेवणानंतर गॅलरीत, त्या मरायला टेकलेल्या झाडाशेजारी, आमची बैठक बसली.

"दहा किलो!" नवरा केस ओढत म्हणाला. "ती संपवायची म्हटली तर आपण संपू."

"तुझीच कल्पना," मी म्हणाले.

"बाबा, तुम्ही जाऊन आत्याला सांगा. आत्ता."

"मी? अगं, तिने मला कडेवर खेळवलंय!"

"म्हणून काय जन्मभर तिची कॉफी झाडाला घालणार?"

"मी दुकानात जाते," मी म्हणाले. "तिथेच सांगून दहाचे दोन करून घेते. भाजायच्या आधी."

सोमवारी सकाळी मी भाजी आणायच्या बहाण्याने बाहेर पडले. पलीकडच्या गल्लीतलं ते दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे फळी, तराजू आणि पिशव्या, मागे भाजायचं यंत्र. त्याचं पिंप गरगर फिरत असतं आणि भाजून झाले की दाणे खडखडत मोठ्या परातीत पडतात, मग गार होईपर्यंत ती परात हलवत राहतात. दुकानाची मालकीण तिशीची, हात कोपरापर्यंत तपकिरी, आवाज मोठा, कारण सारखा यंत्राच्या आवाजावर चढवावा लागतो.

मी उंबरठ्यावर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. आत एका भरल्या पोत्यावर वन्सं बसल्या होत्या.

"तू इथे?" त्या म्हणाल्या. "भाजीची पिशवी घेऊन?"

"तुम्ही इथे कशा?"

"माल बघायला आले. दहा किलो घ्यायचं तर भाजायच्या आधी बघून नको का घ्यायला?"

मालकीण फळीमागून म्हणाली, "मावशी, मी परवापासून विचारायचं म्हणतेय. हॉटेल कुठे आहे तुमचं?"

"कसलं हॉटेल? घर आहे. पिणारी तिघं."

यंत्राचा आवाज चालूच होता, पण मालकिणीचा बंद झाला. तिने आधी वन्संकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

"तिघांत दहा किलो? अहो, केव्हा संपणार?"

"तीन महिन्यांत."

"तीन महिने? मावशी, भाजलेला दाणा महिनाभर चांगला, फार तर थोडा पुढे. मग त्याचा जीव जातो. खराब होत नाही, विष होत नाही, नुसता मरतो. आधीचे पाच किलो तुम्हीच नेलेत ना? मला वाटलं चारपाच घरांत वाटून घेणार असाल. लोक करतात तसं."

"हे कोरडं सामान आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज थोडा चढला होता. "कोरड्या सामानाला काय होतंय? जन्म गेला माझा कोठीत."

मालकिणीने त्या बसल्या होत्या त्या पोत्याचं तोंड सैल केलं आणि मूठभर दाणे काढले. हिरवट, टणक, वास जवळजवळ नाहीच. "हे कच्चे. हे तुम्ही कोरड्या जागेत महिनोन्‌महिने ठेवा, काही होत नाही. इथे तुमचं बरोबर आहे. पण एकदा भाजला की दाण्याच्या आत वायू तयार होतो, तो हळूहळू बाहेर पडतो. पाणी ओतल्यावर पूड फुगते ना, ती त्यानेच. तो निघून गेला आणि हवा लागत राहिली की वास गेला, चव गेली. भाजल्यावर आधी दोन-चार दिवस मुरू द्यायचा, आणि शेजारच्या भांड्याचा वास तो लगेच पितो. तुमच्या वसतिगृहात पोतं किती दिवस पुरायचं?"

वन्संनी मनातल्या मनात हिशेब केला. मग हळूच म्हणाल्या, "आठवडा. परीक्षा असल्या तर तेवढंही नाही."

"मग जुनी कॉफी तुम्ही पाहिलीच नाहीत कधी."

वन्संनी पिशवीतून रुमालाची एक पुरचुंडी काढली. नमुन्याला म्हणून घरच्या डब्यातले तळाचे दाणे त्यांनी सोबत आणले होते. मालकिणीने एका वाटीत ते दळले, दुसऱ्या वाटीत आठवड्यापूर्वी भाजलेले, आणि दोन्ही पुढे सरकवल्या. वन्संनी आधी ताज्या वाटीवर नाक धरलं. मग आमच्या. मग परत ताज्या. दूध नासायच्या आधी कळणारं ते नाक. इतके दिवस त्या नाकाला कॉफी हे कोरडं सामानच वाटत होतं, त्यामुळे त्याने कधी चौकशीच केली नव्हती.

माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "केव्हापासून?"

मी तराजूकडे बघायला लागले.

"फुगायची थांबली तेव्हापासून?"

मी मान डोलावली.

"आणि मी रोज विचारत होते. जमलीय का, जमलीय का." त्या पोत्यावरून उठल्या. "वसतिगृहात सूप बिघडलं तर पोरी ताट आपटायच्या, टेबल वाजवायच्या, मला नावं ठेवायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी सूप चांगलं व्हायचं. तुम्ही तर माझे पाहुणे झालात की गं. पाहुणेच असं गोड बोलून वाईट खातात."

त्या निघून गेल्या. मालकीण म्हणाली, "मी दहा किलो भाजू की नको?" मी म्हणाले, "थांबा," आणि त्यांच्यामागे धावले.

घरी पोहोचले तेव्हा ट्रंक पलंगाखालून बाहेर ओढलेली होती. वन्सं तिच्यावर बसल्या होत्या. सुट्टी घेतलेला नवरा आणि लेक समोर उभे, जेलरसमोर कैदी उभे राहतात तसे.

"बसा," वन्सं म्हणाल्या. "मला खरा आकडा हवाय. कोण किती पितं? खोटं बोललात तर ही बाई धाकटीकडे परत गेली म्हणून समजा."

"ताई, मी सकाळी दोन..."

"पितोस की ओततोस?"

"पितो एक," नवऱ्याने कबूल केलं. "एक बेसिनमध्ये."

"संध्याकाळची?"

"झाडाला."

"झाड माझ्याकडे होतं, बाबा," लेक म्हणाली. "म्हणून मरायला टेकलं ते! दोघं मिळून घालत होतो!"

"तू सांग."

"सकाळी एक कप. थर्मास नाही. थर्मासची कुणीच पीत नव्हतं, आत्या. माझ्या मैत्रिणीने त्यात ब्रश धुतला चित्रांचा."

"आणि तू गं?"

"सकाळी एक, दुपारी एक," मी म्हणाले. "रविवारी अजून थोडी."

वन्सं उठल्या आणि वाटी, स्वयंपाकघरातला छोटा काटा आणि डब्याच्या तळाशी उरलेले दाणे घेऊन आल्या. सकाळच्या तिघांच्या जगला लागणारे दाणे तोलले, तीस ग्रॅम भरले. माझ्या दुपारच्या कपाचे दहा. रविवारचं आणि अधूनमधून येणाऱ्या माणसाचं मिळून त्यांनी दिवसाचे पन्नास धरले. थोडा वेळ ओठ हलत राहिले.

"पन्नास," त्या म्हणाल्या. "अर्धा किलो दहा दिवस जातो. पाच किलो शंभर दिवस. म्हणजे पहिल्या महिन्यानंतर तुम्ही नुसतं लाकूड प्यायलात. आणि दहा किलो मागवले असते तर..." पुढचा आकडा त्यांनी उच्चारला नाही. कोठीवाल्या बाईला तो शिवीसारखा वाटला असावा.

आम्हाला वाटलं, संपलं. पण वन्सं काटा मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "अर्धा किलो म्हणजे हातातली पिशवी. येता जाता कुणीही आणेल. त्याला कोठीबाई कशाला हवी?"

 ट्रंकेचं कुलूप त्यांच्या पायांमध्ये लोंबत होतं. मला त्या 'बघू'चं वजन पुन्हा जाणवलं. आणि अशा वेळी माझा नवरा बोलला. याला कल्पना सुचली.

"कशाला उगीच दर दहा दिवसांनी खेप? एकदम दोन महिन्यांची आणू आणि फ्रीजमध्ये टाकू. ताजी राहील."

"फ्रीजमध्ये?" वन्संनी मान वर केली.

"हो. रोज लागेल तेवढी काढायची, बाकीची आत."

"रोज काढायची आणि घालायची? प्रत्येक वेळी गार दाण्यांवर ओल धरणार, त्याचं काय? आणि आत कांदा कापून ठेवतोस तू अर्धा, तो कुणाचा वास घेणार? कॉफी शेजारच्या भांड्याचा वास पिते, मघाशीच सांगितलं त्या पोरीने!"

"बरं, मग दुकानात सेल लागला की जास्त घेऊन..."

"सेल कशाचा लागतो? जुन्या मालाचा! तारीख बघितलीस कधी पिशवीवरची? संपायची तारीख नव्हे, भाजल्याची तारीख! बघितलीस?"

"नाही."

"आणि काल भाजलेली आज उघडायची नाही, दोन-चार दिवस मुरू द्यायची, हे माहीत आहे?"

"नाही, ताई."

"मग पहिली संपायच्या दोन-चार दिवस आधी दुसरी आणून ठेवली पाहिजे. ती बंद ठेवायची, एक उघडी. चुलीपासून लांब, उन्हापासून लांब. डबा गच्च भरेल असा लहानच घ्यायचा, आत रिकामी जागा म्हणजे हवा. हे कोण बघणार? तू? तुला दोन अंडी आणायला पाठवलं तर पेपर घेऊन येतोस तू!"

त्यांचा आवाज आता पूर्ण कोठीतला झाला होता. वरच्या मजल्यावर दंतवैद्यांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, ऐकायला जवळ आले असावेत.

लेक हळूच म्हणाली, "आत्या, पाहुणे आले तर? जादा किती ठेवायची?"

वन्सं विचारात पडल्या. उभ्या आयुष्याचा नियम होता तो, वर थोडं जादा. मग म्हणाल्या, "जादा घरात ठेवायचीच नाही. जादा दुकानात राहू दे. पाहुणे येणार असले की मी एक दिवस आधी जाऊन मुरलेली आणीन. गल्ली ओलांडायला मला काय होतंय?"

त्या उठल्या आणि ट्रंकेचं कुलूप काढलं. सगळ्यात वर कपडे, त्याखाली वसतिगृहातली किल्ल्यांची रिकामी कडी, आणि तळाला एक छोटा पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा. त्यात त्यांचे सुईदोरे असत. ते त्यांनी माझ्या हातात ओतले, डबा धुतला, पुसला, वास घेतला. परत धुतला. "अर्धा किलो बरोबर बसेल," म्हणाल्या. "माझे कपडे कुठल्या खणात म्हणालीस?"

मोठा डबा आता बुटांच्या कपाटात आहे. तळाचे ते मेलेले दाणे एका ताटलीत त्याच्यावर ठेवलेत, बुटांचा वास खातात म्हणे. रबराच्या झाडाला नवी पानं आलीत, त्याला नुसतं पाणी मिळतं म्हणून.

दर दहा दिवसांनी वन्सं पलीकडच्या गल्लीत जातात आणि तासाभराने येतात. अर्ध्या किलोला तासभर कशाला लागतो, ते मी एकदा जाऊन पाहिलं. त्या त्याच पोत्यावर बसल्या होत्या आणि समोर सूट घातलेल्या एका माणसाला विचारत होत्या, "घरात पिणारी किती? दोघं? मग एक किलो कशाला? तुमचा मुलगा पितो का? खरं सांगा, पितो की ओततो?"

"मावशी," मालकीण यंत्राच्या आवाजावरून ओरडली, "माझा धंदा बसवणार तुम्ही!"

"बसत नाही. आता महिन्याने येणारा माणूस दहा दिवसांनी येईल. पाव किलो दे याला."

घरी मात्र एक नवी आफत झालीय. परवा दहावा दिवस होता. सकाळची कॉफी आमच्या पुढ्यात ठेवून वन्सं आत गेल्या आणि डब्यावर बोटाने टिचकी मारली. थाप मारायला डबा लहान पडतो. कान देऊन ऐकलं, झाकण उघडलं आणि तशाच बाहेर आल्या.

"दोन कपांचे दाणे उरलेत," त्या म्हणाल्या. "कोण प्यायलं नाही?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याने वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं.

"पेपर खाली कर."

"ताई, ऑफिसमध्ये नवीन मशीन आलंय. दोनदाच घेतली. फुकट होती."

"कशी होती?"

नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग सरळ बहिणीच्या तोंडाकडे.

"भिकार," तो म्हणाला. "आणि तुझीही आज जरा पातळ झालीय, ताई."

वन्संनी त्याच्या पुढचा कप उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पहिल्या पोत्याच्या दिवशीही उजळला नव्हता.

"झालीय खरी," त्या म्हणाल्या. "ताट आपटायचं ना मग! थांब, उरलेल्या दोन कपांची करून आणते, दाट."